मात्रा चोरायची, ठेका नाही: रुबातोबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात नौपाड्याला माझा पेटी आणि कीबोर्डचा लहानसा क्लास आहे. भावगीतं शिकणाऱ्या काकू, ग्रेडच्या परीक्षांची पोरं आणि रविवारी येणारे दोन-तीन हौशी गायक, अशी सरमिसळ असते. ‘जरा सैल गा, पण लय सोडू नका’ असं म्हटलं की सगळे सारख्याच गोंधळलेल्या चेहऱ्याने बघतात. मग जे प्रश्न येतात, ते हे.

रुबातो म्हणजे नेमकं काय?

शब्द इटालियन आहे. ‘टेम्पो रुबातो’ म्हणजे चोरलेला वेळ. एका स्वराला त्याच्या हक्कापेक्षा जास्त वेळ द्यायचा आणि तो शेजारच्या स्वरांकडून काढून घ्यायचा. काही जण रुबाटो म्हणतात, चालतं.

संध्याकाळी तलावपाळीला एक चक्कर मारा, म्हणजे समजेल. आजोबा एका चालीने तळ्याभोवती फिरत असतात. नातू बोटी बघायला कठड्याशी थांबतो, आजोबा पुढे जातात, आणि तो धावत येऊन भेळेच्या गाडीपाशी त्यांना गाठतो. आजोबांची चाल बदललेली नसते. नातू मागे पडला, त्याने अंतर भरून काढलं आणि दोघं एकाच ठिकाणी पोचले. आजोबा म्हणजे ठेका, नातू म्हणजे चाल गाणारा गळा. नातू हात धरून आजोबांनाच मागे ओढायला लागला, तर तो रुबातो नाही. निदान मी या पानावर ज्याबद्दल लिहितेय तो तरी नाही.

पण रुबातो म्हणजे लय कमी-जास्त करणं, असं ऐकलंय. ते चूक आहे का?

चूक नाही. एकाच शब्दाखाली दोन गोष्टी नांदतात आणि सगळा घोळ तिथेच आहे.

जुनी गोष्ट म्हणजे वरची आजोबा-नातवाची. पिएर फ्रांचेस्को तोसी या इटालियन गायकाने 1723 साली गाण्यावर एक ग्रंथ लिहिला, त्यात वेळ चोरण्याची आणि ती हुशारीने परत करण्याची चर्चा आहे. मोझार्टने 1777 साली वडिलांना पाठवलेल्या पत्रात जवळजवळ फुशारकीच मारली आहे: संथ रचनेत मी रुबातो करतो तेव्हा माझ्या डाव्या हाताला त्याचा पत्ताही नसतो, इतरांचा डावा हात मात्र उजव्यापुढे नमतो. शोपॅंही शिष्यांना डावा हात म्हणजे वाद्यवृंदाचा संचालक आहे असं सांगायचा, असं त्याच्या शिष्यांनी लिहून ठेवलंय.

नंतरच्या काळात दुसरी गोष्ट रुळली: दोन्ही हात, सगळा वाद्यवृंद, सगळंच मिळून जरा रेंगाळतं आणि मग पुढे सरकतं. इथे आजोबाच दमतात किंवा घाई करतात. यात चोरलेलं परत केलंच पाहिजे का, यावर वाद झाले. पादेरेव्स्की हा पोलंडचा नामवंत पियानोवादक, त्याने तर परतफेडीचा नियम साफ झुगारला. जे गेलं ते गेलं, असं त्याचं म्हणणं.

मी पहिला प्रकार आधी शिकवते. ज्याला ठेका न हलवता रेंगाळता येत नाही, त्याने सगळंच हलवायला घेतलं की त्याला रुबातो म्हणत नाहीत, लय गेली म्हणतात.

आपल्या संगीतात हे नाहीच का?

आहे, फक्त त्याला वेगळं नाव देऊन कपाटात ठेवलेलं नाही. विलंबित ख्याल ऐका. तबला ठेका धरून बसलेला असतो आणि गायक मात्रेला मात्रा न लावता वरून तरंगत जातो. पण मुखड्याचा उठाव येतो आणि स्वारी बरोबर समेवर उतरते. मधल्या वेळात चोरी झाली, हिशेब समेवर चुकता झाला. सम जाऊ देऊन नंतर येणं म्हणजे अतीत, सम यायच्या आधीच पोचणं म्हणजे अनागत, ही नावंही आपल्याकडे आहेत. भावगीत गाणारे तर हे सर्रास करतात, त्यांना विचारलं तर म्हणतील, ‘शब्द बोलल्यासारखा म्हटला, एवढंच.’

ठेक्याशिवायचा आलाप मात्र रुबातो नव्हे. तिथे ज्याच्याकडून चोरायचं तो सावकारच जागेवर नाही.

एखादी ओळ घेऊन दाखवाल?

उदाहरणापुरती मीच एक ओळ जुळवली आहे, काव्य म्हणून बघू नका: ‘सांज झाली तळ्याकाठी’. बरोबर आठ अक्षरं आहेत. ताल केहरवा, आठ मात्रा: धा गे न ती, न क धि न. पहिल्या मात्रेला सम, पाचवीला काल. लय 120, म्हणजे एक मात्रा अर्ध्या सेकंदाची आणि एक आवर्तन चार सेकंदांचं.

सरळ गायलं तर एका मात्रेला एक अक्षर बसतं. ‘सां’ समेवर, ‘ज’ दुसरीवर, ‘झा’ तिसरीवर, ‘ली’ चौथीवर, ‘त’ कालेवर, पुढे ‘ळ्या’, ‘का’, आणि ‘ठी’ आठवीवर. नीटनेटकं, शाळेच्या प्रार्थनेसारखं. सुरुवात अशीच करायची असते, पण अशी गायली की सांज काही झालेली वाटत नाही.

आता समेचा ‘धा’ एकटाच वाजू द्या. अर्धी मात्रा गेल्यावर ‘सां’ म्हणा. ‘ज’ आणि ‘झा’ही तशीच अर्धी मात्रा मागे येतील, म्हणजे ‘झा’ तिसरीऐवजी साडेतीनवर. इथे थांबा. ‘झा’ला एकाऐवजी दोन मात्रा द्या. मग ‘ली’ साडेपाचवर येईल. म्हणजे कालेचा ‘न’ वाजून गेला तरी तुम्ही अजून ‘झाऽ’वरच आहात. या क्षणी तुम्ही ठेक्याच्या दीड मात्रा मागे, पाऊण सेकंदाचं कर्ज डोक्यावर.

परतफेड सावकाश करायची. ‘ली’ला पाऊण मात्रा द्या, ‘त’ येईल सव्वासहावर. ‘त’ आणि ‘ळ्या’ला अर्धी-अर्धी, म्हणजे ‘का’ सव्वासातवर. ‘का’ला पाऊण मात्रा दिली की ‘ठी’ थेट आठव्या मात्रेवर, अगदी सरळ गाताना होती तिथेच. कर्ज दीडवरून सव्वा, मग पाऊण, मग पाव, मग शून्य. पुढची ओळ समेवर सुरू करायला तुम्ही मोकळे.

हे अपूर्णांक गाताना कोणी मोजत नाही. पण एकदा कागदावर आठ रकाने आखून त्यात अक्षरं लिहून पाहिली की कुठे घेतलं आणि कुठे दिलं ते डोळ्यांना दिसतं. माझ्या क्लासमध्ये ज्यांना कानाने उमगत नाही, त्यांना या कागदाने उमगतं.

‘झा’च का ओढलं? ‘त’ ओढलं तर?

ओढून बघा. ‘तऽळ्याकाठी’ ऐकणाऱ्याला ‘ताळ्याकाठी’ ऐकू येईल. मराठीत ऱ्हस्व-दीर्घाने शब्द फिरतो, म्हणून वेळ दीर्घ अक्षरावर खर्च करायचा आणि ऱ्हस्वाकडून काढून घ्यायचा. ‘सांज’मधला ‘ज’ तर आपण बोलताना जेमतेम उच्चारतो. तो ओढला की ‘सांजाऽ’ होतं आणि सगळं गाणं बाळबोध वाटायला लागतं.

दुसरं कारण अर्थाचं. बातमी ‘झाली’ या शब्दात आहे, ‘तळ्याकाठी’ हा नुसता पत्ता आहे. पत्ता जरा भराभर सांगितला तर कोणाचं बिघडत नाही. गाण्याआधी ओळ नुसती बोलून बघावी, समोर कोणी बसलंय असं समजून. आवाज आपोआप जिथे रेंगाळतो, ती जागा बहुतेक वेळा बरोबर असते.

किती चोरी चालते?

ठरलेलं माप नाही. 120च्या आसपासच्या केहरव्यात दीड मात्रा मला भरपूर वाटते. दोनच्या पुढे गेलं की परतफेडीला जागाच उरत नाही, आणि शेवटची अक्षरं ‘तळ्‌काठी’ अशी एकमेकांवर आदळतात. वरच्या उदाहरणात ‘ठी’पर्यंत चार अक्षरांवर कर्ज वाटून फेडलं, म्हणून ते जाणवत नाही. तेच एका अक्षरावर फेडायला गेलात की जाणवतं.

कीबोर्डवर कॉर्ड असतील तर आणखी एक बंधन येतं. कालेवर कॉर्ड बदलत असेल आणि तुमचा ‘झा’ अजून आधीच्या कॉर्डच्या स्वरावर असेल, तर थोडा वेळ तो स्वर टोचतो आणि मग सुटतो. ते टोचणं सुंदर असू शकतं. पण स्वर नव्या कॉर्डच्या अगदी अर्ध्या सुरावर बसत असेल, तर ऐकणाऱ्याला तुम्ही बेसूर आहात असंच वाटणार, लयीचं श्रेय कोणी देणार नाही. तिथे चोरी कमी करा किंवा दुसऱ्या अक्षरावर न्या.

आणि प्रत्येक ओळीत तीच अर्धी मात्रा उशीर केला, तर ती चोरी राहत नाही, सवय होते. ऐकणाऱ्याला वाटतं, यांना सम सापडत नाहीये. दोन ओळी सरळ गाव्यात, तिसरीत हात मारावा.

साथीदाराने गायकाबरोबर थांबायचं की नाही?

नाही. हे मी स्वतः तोंडावर आपटून शिकले.

घोडबंदर रोडच्या एका सोसायटीत गणपतीतला कार्यक्रम होता. गाणारी मुलगी गोड गळ्याची, शब्द ओढून म्हणायची सवय असलेली. मी कीबोर्डवर. तिने पहिल्या ओळीत रेंगाळायला सुरुवात केली आणि मी प्रेमाने तिच्यासाठी कॉर्ड थोडी उशिरा टाकली. तबलजी काकांनी माझी कॉर्ड ऐकून ठेका किंचित आवरला. ठेका मागे आला म्हटल्यावर ती मुलगी आणखी मागे गेली, कारण तिला ठेक्याच्या मागेच राहायचं होतं! तिघंही एकमेकांना सांभाळून घेत होतो आणि गाणं चिखलात रुतल्यासारखं खाली जात होतं. समोरच्या रांगेतले आजोबा मांडीवर ताल धरत होते, त्यांनी तिसऱ्या कडव्याला हात काढून घेतला.

घरी येऊन फोनवरचं रेकॉर्डिंग घड्याळ लावून ऐकलं. पहिल्या कडव्यात आठ आवर्तनांना 32 सेकंद, म्हणजे बरोबर 120ची लय. शेवटच्या कडव्यात त्याच आठ आवर्तनांना 38 सेकंद. लय 101वर आली होती. चूक मुलीची नव्हती. ती रुबातो करत होती, पण आम्ही दोघांनी तिच्या पायाखालची जमीनच सरकवली.

तेव्हापासून माझा नियम असा: डावा हात तबल्याचा, उजवा गायकाचा. कॉर्ड आणि बास ठेक्याशी बांधलेले, गायक कुठेही असो. उजव्या हाताने चाल वाजवत असेन तर ती गायकाच्या किंचित मागून, जशी पेटीवाले साथ करतात. तिची चाल ‘बरोबर’ मात्रेवर वाजवायला गेले तर एकाच सुरावटीच्या दोन आवृत्त्या ऐकू येतात. त्यापेक्षा स्वर धरून ठेवलेला बरा.

गायकाने कडव्याच्या शेवटी सगळ्यांना मिळून थांबायचं ठरवलं असेल, तर गोष्ट वेगळी. पण ते तालमीत ठरवून करायचं, डोळ्याला डोळा देऊन.

मी रुबातो करतोय की लय सोडतोय, हे कसं ओळखायचं?

हाताने ताल धरा. समेला टाळी, कालेला हात हवेत. मग रेंगाळून गा. ‘झाऽ’वर असताना कालेचा हात वेळेवर पडला का? बहुतेकांचा हात गळ्यासाठी थबकतो. हात थबकला की समजायचं, ठेका बाहेर वाजत होता म्हणून आजवर निभावलं, आत लय नव्हती.

वर सांगितलेली घड्याळाची परीक्षाही आहे. तबल्याशिवाय आठ आवर्तनं गा आणि सेकंद मोजा. 32च्या जागी 35 आले तर चोरी केली, परत काही केलं नाही. पण या परीक्षेवर एकटीवर विसंबू नका. चार आवर्तनं ढकलत आणि चार पळवत गायलं तरी बेरीज 32च येईल. हात फसत नाही.

कराओके ट्रॅकवर रुबातो करता येतो का?

उलट ट्रॅक हा सगळ्यात कडक आजोबा. तो तुमच्यासाठी थांबतच नाही, त्यामुळे पहिल्या प्रकारचा रुबातो शिकायला चांगला. अडचण दोन ठिकाणी येते. काही ट्रॅकमध्ये बासरी किंवा व्हायोलिन मूळ चाल सरळ वाजवत असते. तुम्ही मागे गेलात की दोघांची टक्कर होते, असा ट्रॅक टाळा. आणि पडद्यावरच्या रंग बदलणाऱ्या अक्षरांकडे बघू नका. ती सरळ चालीने रंगतात आणि तुम्हाला ओढून घेतात.

मुलीच्या पियानोच्या तुकड्यावर ‘रुबातो’ लिहिलंय. तिने नक्की काय करायचं?

आधी तो कुठल्या काळातला आहे ते बघायचं. रोमँटिक काळातला असेल तर बहुधा सगळ्याच लयीने थोडं श्वास घेतल्यासारखं वाकणं अपेक्षित असतं, आणि पुढे ‘आ टेम्पो’ दिसलं की मूळ लयीवर परत.

तरी सराव डाव्या हातापासूनच करावा. शोपॅंचा ई-फ्लॅट मेजरमधला नॉक्टर्न, ओपस 9 नंबर 2, घ्या. डावा हात एक बास आणि दोन कॉर्ड, एक बास आणि दोन कॉर्ड, असा झुलत राहतो. आपल्या कानाला तो दादऱ्याच्या जवळचा वाटतो, तीन-तीनचा झोका. मी मुलांना तो डावा हात एकटा रेकॉर्ड करायला लावते आणि मग त्या रेकॉर्डिंगवर नुसता उजवा हात वाजवायला लावते. फोनमधला डावा हात थांबत नाही, तेव्हा उजव्याला आपसूक परतफेड शिकावी लागते. आठवडाभराने दोन्ही हात एकत्र आणायचे. पहिल्याच दिवशी दोन्ही हातांनी ‘भाव’ काढायला लागलेली मुलं प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी थांबतात, आणि झोक्याला कोणी पाय लावून अडवल्यासारखं ऐकू येतं.

कुठे करू नये?

समूहगीतात आणि आरतीत. भजनात मुख्य गायकाने केलं तर शोभतं, मागच्या टाळकऱ्यांनी केलं तर बाजार होतो. द्रुत लयीत जागाच नसते. आणि गाणं नवीन असताना तर नाहीच: सरळ चाल पाठ नसलेल्याचा रुबातो हा बहुतेक वेळा आठवण्यासाठी घेतलेला वेळ असतो, आणि तो ओळखू येतो.

सराव कसा सुरू करू?

वरचीच ओळ घ्या, किंवा तुमची कुठलीही आठ अक्षरांची. फोनवर केहरवा 120ला लावा, जमत नसेल तर 100ला. पहिले दोन-तीन दिवस सरळ गा. मग अख्खी ओळ अर्धी मात्रा उशिरा सुरू करून अर्धी मात्रा उशिराच संपवा, काहीही न फेडता. हे विचित्र लागतं, पण गळा आणि ठेका वेगळे चालू शकतात हे अंगात उतरायला याहून चांगला उपाय मला सापडलेला नाही. ते जमलं की सुरुवात उशिरा, पण ‘ठी’ वेळेवर. त्यानंतरच ‘झा’ लांबवायचा.

माझी एक विद्यार्थिनी वाशीला नोकरी करते. ती हा सराव रोज ट्रान्स-हार्बरच्या लोकलमध्ये करते, पर्सच्या पट्ट्यावर बोटाने केहरवा आणि ओठातल्या ओठात ओळ. ऐरोलीपर्यंत सरळ, पुढे उशिरा. परवा म्हणाली, ‘ताई, काल शेजारची बाई माझं बोट बघत होती, आणि मी झाऽवर थांबले तेव्हा तिची मान हलली, पण बोट नाही थांबलं माझं.’

पुढच्या आठवड्यात तिला दादरा देणार आहे.